काटा नसलेला सिलिंडर

आमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूमबाहेर दोन अग्निशामक टांगलेले आहेत. एक पावडरचा, त्याला वर छोटा गोल काटा आहे, हिरव्या पट्ट्यात असला की ठीक. दुसरा कार्बन डायऑक्साइडचा, काळ्या भोंग्याचा. त्याला काटाच नाही. मी तीन वर्षं रोज त्याच्यासमोरून जातो आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तपासणीला एक काका आले. पावडरच्या सिलिंडरकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि कार्डावर सही केली. दुसरा मात्र भिंतीवरून काढला, हूकच्या वजनकाट्याला लटकवला आणि आकडा लिहून घेतला.

"काका, याला काटा का नाही हो?"

"साहेब, काटा लावून काय कळणार? अर्धा गॅस गेला तरी तेवढंच दाखवणार. ह्याचं वजनच करावं लागतं."

अर्धा गॅस गेला तरी दाब तेवढाच? अकरावीपासून डोक्यात बसलेलं PV = nRT तर वेगळं सांगतं. n निम्मा झाला की P निम्मा व्हायला हवा. जागेवर जाऊन गणित मांडलं. सिलिंडरवर साडेचार किलो लिहिलंय. अशा सिलिंडरचं आतलं आकारमान साधारण पावणेसात लिटर असतं. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल म्हणजे ४४ ग्रॅम, म्हणजे आत सुमारे १०२ मोल आहेत आणि प्रत्येक मोलच्या वाट्याला ०.०६६ लिटर जागा येते. सर्व्हर रूममधलं तापमान २० अंश. सूत्रात घातलं तर दाब येतो जवळजवळ ३७० बार. प्रत्यक्षात २० अंशाला त्या सिलिंडरमधला दाब असतो ५७ बार.

पाच-दहा टक्क्यांची चूक असती तर "आदर्श वायू हे नुसतं अंदाजाचं मॉडेल आहे" असं म्हणून सोडून दिली असती. ही सहापटीहून मोठी चूक आहे. आणि ती ज्याने पहिल्यांदा नीट समजावून सांगितली तो कुणी नावाजलेला प्रोफेसर नव्हता, तर हॉलंडमधला एक शाळामास्तर होता. या शनिवारी त्याच्याच मागे लागलो होतो.

पण मास्तरांकडे जाण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायू आणि द्रव यांचं नातं कुणालाच धड माहीत नव्हतं. १८२२ मध्ये कान्यार द ला तूर नावाच्या एका फ्रेंच माणसाने बंदुकीच्या नळीत थोडा द्रव आणि गारगोटीचा एक गोळा घालून नळी बंद केली आणि तापवली. नळी हलवली की गोळा द्रवात डुबकतो त्याचा आवाज यायचा. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की तो आवाज बंद पडायचा, जणू नळीत द्रव उरलाच नाही. कानाने लावलेला हा शोध! पण त्याचं पुढे काय करायचं ते कुणाला सुचलं नाही.

पुढच्याच वर्षी फॅरडेने क्लोरीन द्रवरूप केला, आणि मग एकेक वायू त्याने दाबून आणि थंड करून द्रव केला. १८४५ पर्यंत त्याच्या हातून सहा वायू निसटले होते : ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. यांना 'कायम वायू' असं नाव पडलं. व्हिएन्नाच्या नाटररने तर हट्टाला पेटून जवळजवळ ३००० वातावरणांइतका दाब दिला. काही झालं नाही. मग लोकांनी असं ठरवून टाकलं की हे वायू जातीचेच वायू आहेत, त्यांना द्रव होणं ठाऊकच नाही. (आपल्याकडे एखादा बग तीनदा सुटला नाही की "ते तसंच आहे, बाय डिझाइन" म्हणतात, त्यातलाच प्रकार.)

हे कोडं सुटलं बेलफास्टमध्ये. तिथल्या क्वीन्स कॉलेजात थॉमस अँड्र्यूज नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी घेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या सिलिंडरमधलाच वायू. काचेच्या अतिशय बारीक, जाड भिंतीच्या नळीत वायू कोंडायचा, खालून पारा, आणि पोलादी स्क्रू फिरवून पारा वर ढकलत न्यायचा. तापमान ठरावीक ठेवायचं आणि प्रत्येक दाबाला आकारमान किती ते टिपायचं. वर्षानुवर्षं हेच काम. १८६९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे जे आलेख मांडले ते आजही पुस्तकात छापतात.

त्यातला १३.१ अंशाचा आलेख बघू. वायू दाबत गेलं की दाब वाढतो. एका जागी नळीत द्रवाचा थेंब दिसतो, आणि त्यानंतर गंमत सुरू होते. पारा कितीही वर ढकला, दाब वाढतच नाही. वायूचा द्रव होत राहतो, काटा जागच्या जागी. सगळा द्रव झाला की मग मात्र दाब भिंतीवर चढल्यासारखा उभा चढतो. आमच्या काकांचं म्हणणं या सपाट रेषेतच आहे. सिलिंडरमध्ये द्रव आणि त्याची वाफ एकत्र नांदत असतात, तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, किलोवर नाही. थोडा गॅस गळाला तर तेवढाच द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो. २० अंशाला साडेचारातले सव्वादोन किलो गेले तरी दाब ५७ बारच. तीन चतुर्थांश गेल्यावर कुठे द्रव संपलेला असतो आणि दाब उतरायला लागतो. काटा लावला असता तर त्याने शेवटपर्यंत आपली फसवणूक केली असती.

आता तापमान वाढवा. २१.५ अंशाला ती सपाट रेषा आखूड होते. ३१.१ अंशाला ती नाहीशी झालेली असते, नुसती एक वळशाची खूण उरते. ४८.१ अंशाला वक्र बऱ्यापैकी बॉइलच्या नियमासारखा गुळगुळीत. अँड्र्यूजच्या मोजणीप्रमाणे ३०.९ अंशाच्या वर कितीही दाबा, नळीत द्रवाचा पृष्ठभाग दिसणार नाही. या बिंदूला त्यांनी नाव दिलं क्रिटिकल पॉइंट, आपल्या पुस्तकांत क्रांतिक बिंदू. आजचा आकडा ३१ अंशाच्या किंचित खाली आहे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी स्क्रू फिरवून काढलेलं उत्तर जवळजवळ अचूक होतं.

याहून भारी त्यांनी आणखी एक करून दाखवलं. वायू आधी ५० अंशापर्यंत गरम केला, मग १५० वातावरणांइतका दाबला, आणि मग थंड केला. शेवटी नळीत जे होतं ते निःसंशय द्रव होतं. पण वाटेत कुठेही थेंब दिसला नाही, उकळी दिसली नाही, रेघ दिसली नाही. वायू केव्हा संपला आणि द्रव केव्हा सुरू झाला ते सांगताच येत नाही. म्हणजे या दोन वेगळ्या जाती नाहीतच. डोंगराला वळसा घालून गेलं तर घाट न चढता पलीकडच्या गावात पोचता येतं, तसं. आणि ते सहा 'कायम' वायू? त्यांचा डोंगर फक्त फार थंड मुलखात आहे. नाटररने दाब भरपूर दिला होता, पण तापमान त्यांच्या क्रांतिक बिंदूच्या खाली नेलंच नव्हतं.

अँड्र्यूजने काय होतं ते दाखवलं. का होतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

आता मास्तर. योहानेस डिडेरिक व्हान डर वाल्स, जन्म १८३७, गाव लायडन. वडील सुतार, दहा भावंडांत हा थोरला. अशा घरातल्या मुलाने त्या काळी हॉलंडमध्ये लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या शाळेत जायचं नसतं, आणि त्या भाषा आल्याशिवाय विद्यापीठाची परीक्षा देता यायची नाही. मग हा पोटापाण्याला प्राथमिक शाळेत शिकवायला लागला, एकेक परीक्षा देत वरचा शिक्षक झाला, आणि फावल्या वेळात लायडन विद्यापीठात जाऊन गणित-भौतिकीची व्याख्यानं ऐकू लागला. पदवी नाही, नुसतं ऐकायचं. पुढे माध्यमिक शाळेत भौतिकी शिकवायची नोकरी, आधी डेव्हेन्टर, मग हेग. पुढे त्या प्राचीन भाषांच्या अटीतून सूट मिळाली तेव्हा कुठे डॉक्टरेटचा रस्ता मोकळा झाला. १४ जून १८७३ ला त्याने लायडनला प्रबंध सादर केला. वय ३५, बायको-मुलं, दिवसभराची शाळा. प्रबंध डच भाषेत. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'वायू आणि द्रव अवस्थांच्या अखंडतेविषयी'. अँड्र्यूजच्या व्याख्यानाचं शीर्षक जवळजवळ तेच होतं.

त्याचा मुद्दा साधा होता. १८५७ मध्ये क्लॉसियसने लिहिलं होतं की उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ. वायूचा दाब म्हणजे भिंतीवर आपटणारे रेणू. ठीक. पण जर वायूतून द्रवात अखंड जाता येत असेल, तर द्रवातले रेणूही तेच, तसेच धावणारे, फक्त दाटीवाटीने. मग दोघांना एकच समीकरण लागू पडायला हवं. PV = RT मध्ये रेणू म्हणजे नुसते बिंदू आहेत, ज्यांना आकार नाही आणि एकमेकांशी काही देणंघेणं नाही. या दोन गोष्टी खोट्या आहेत, तेव्हा दोन्ही दुरुस्त करू.

पहिली दुरुस्ती आकाराची. भरलेल्या लोकलच्या डब्यात मोकळी जागा डब्याएवढी नसते, लोकांनी व्यापलेली वजा करावी लागते. म्हणून V च्या जागी V − b. पण b म्हणजे रेणूंचं स्वतःचं आकारमान, असं पटकन वाटतं आणि तिथेच चुकतं. दोन गोळ्यांची केंद्रं एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? एका व्यासाइतकी, त्याहून कमी नाही. म्हणजे प्रत्येक गोळ्याभोवती व्यासाएवढ्या त्रिज्येचा एक गोल आहे जिथे दुसऱ्याच्या केंद्राला मज्जाव आहे. त्रिज्या दुप्पट म्हणून त्या गोलाचं आकारमान गोळ्याच्या आठपट. हा मज्जाव दोघांच्या जोडीचा आहे, म्हणून एकाच्या वाट्याला त्याचा निम्मा, चारपट. तर b म्हणजे रेणूंच्या खऱ्या आकारमानाच्या चौपट. हा चारचा आकडा खुद्द प्रबंधात आहे.

त्यावरून जे निघतं ते मला फार आवडतं. कार्बन डायऑक्साइडसाठी b येतो मोलला ०.०४२७ लिटर. चारने भागा, मग एका मोलमधल्या रेणूंच्या संख्येने भागा, आणि गोळा धरून व्यास काढा. उत्तर येतं सुमारे ०.३२ नॅनोमीटर. दाब मोजायच्या यंत्रातून रेणूचा आकार! आणि हे अशा काळात, जेव्हा रेणू खरे असतात की हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले, यावर भले भले वाद घालत होते. व्हान डर वाल्सला स्वतःला मात्र त्याबद्दल कधी शंका नव्हती. १९१० च्या नोबेल व्याख्यानात त्याने तसं स्पष्ट सांगितलं.

दुसरी दुरुस्ती आकर्षणाची. भांड्याच्या मधोमध असलेल्या रेणूला सगळीकडून सारखी ओढ असते, ती कटते. भिंतीजवळच्या रेणूला मात्र भिंतीच्या बाजूने कुणी शेजारी नाही, म्हणून त्याला आतल्या बाजूला ओढ. त्यामुळे भिंतीवरचा दाब कमी पडतो. किती कमी? ओढणारे किती आहेत ते घनतेवर, आणि ओढले जाणारे किती आहेत तेही घनतेवर. म्हणून तूट घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे a/V².

इथे एक खुसपट. बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं की आतल्या ओढीमुळे रेणू भिंतीवर 'हळू' आपटतात. मलाही असंच शिकवलं होतं. पण तापमान सगळीकडे एकच असेल तर रेणूंचा सरासरी वेगही सगळीकडे एकच. खरी गोष्ट अशी की ओढीमुळे भिंतीलगत पोचणारे रेणूच कमी, तिथली घनता कमी. सूत्र तेच येतं, पण डोक्यातलं चित्र बरोबर असलेलं बरं.

दोन्ही दुरुस्त्या एकत्र केल्या की एका मोलसाठी

(P + a/V²)(V − b) = RT

बस, एवढंच. प्रत्येक वायूला आपापला a आणि आपापला b. आता याची परीक्षा. व्हान डर वाल्सने कार्बन डायऑक्साइडचे a आणि b वायू अवस्थेतल्या मोजमापांवरून काढले, आणि मग समीकरणाला विचारलं की तुझ्या मते सपाट रेषा नाहीशी कधी होते? उत्तर आलं साधारण ३२ अंश. अँड्र्यूजचा आकडा ३०.९. साध्या वायूच्या किंचित बिघडलेल्या वागण्यावरून तो द्रव केव्हा होणं थांबवेल हे एका अंश-दीड अंशाच्या फरकाने सांगता आलं. दाबाच्या बाबतीत एवढं जमलं नाही. समीकरणाने ६१ वातावरणं सांगितली आणि प्रत्यक्षात ७३ च्या आसपास लागतात. तरीही, हेगमधल्या एका शिक्षकाने संध्याकाळी बसून हे काढलं हे विसरू नका.

मी आपल्या धंद्याला जागून छोटा प्रोग्राम लिहिला. तापमान ४० अंश घेतलं, म्हणजे क्रांतिक बिंदूच्या वर, जिथे द्रव-वाफेची भानगड नाही. a आणि b आजच्या कोष्टकातले, दाब बारमध्ये, आकारमान लिटरमध्ये.

```python
R, a, b = 0.083145, 3.640, 0.04267
T = 313.15
for V in (1.0, 0.1, 0.066):
    ideal = R*T/V
    vdw = R*T/(V-b) - a/V**2
    print(V, round(ideal, 1), round(vdw, 1))
```

एका मोलला एक लिटर जागा दिली तर आदर्श वायू म्हणतो २६ बार, व्हान डर वाल्स म्हणतो २३.६. प्रत्यक्षात सव्वातेवीसच्या आसपास. छान. जागा दहापट कमी केली, ०.१ लिटर. आदर्श वायू २६० बार सांगतो, व्हान डर वाल्स ९०. प्रत्यक्षात साधारण ८८! मी दोनदा चालवून बघितला. यात आत काय चाललंय ते बघण्यासारखं आहे. आकाराच्या दुरुस्तीने २६० चे आधी ४५४ होतात, कारण मोकळी जागा निम्म्याहून थोडीच जास्त उरली आहे. मग आकर्षण त्यातून ३६४ खाऊन टाकतं. दोन राक्षसी आकडे एकमेकांशी भांडतात आणि मधून खरं उत्तर बाहेर पडतं. अर्थात इतकं चपखल बसण्याला थोडं कारणही आहे. आजच्या कोष्टकातले a आणि b क्रांतिक तापमान आणि दाबावरूनच काढलेले असतात, त्यामुळे त्या बिंदूच्या शेजारी समीकरण नीट वागणारच.

आणि आता सिलिंडरएवढी दाटी, ०.०६६ लिटर. आदर्श वायू ३९४ बार, व्हान डर वाल्स २८०. प्रत्यक्षात? १०५ ते ११० बार. इथे मास्तरांचं समीकरण अडीचपट चुकलं. का, ते b कडे बघितलं की कळतं. ०.०६६ लिटरमधले ०.०४३ लिटर मज्जावाखाली गेले. पण चारपटीचा हिशेब फक्त दोघादोघांच्या टकरीचा होता. खूप दाटी झाली की हे मज्जावाचे गोल एकमेकांवर चढतात, तीच जागा दोनदा वजा होते, आणि समीकरणाला वाटतं तेवढी अडचण प्रत्यक्षात नसते. द्रवाच्या घनतेकडे जाताना हे समीकरण नेहमी असंच फार ताठर होतं. ही त्रुटी व्हान डर वाल्सला माहीत होती. b हा स्थिरांक नाही, दाटीप्रमाणे तो बदलायला हवा, हे तो स्वतःच सांगत आला.

याच दुखण्याचं आणखी एक लक्षण आहे. समीकरण म्हणतं की क्रांतिक बिंदूला आकारमान b च्या तिप्पट असायला हवं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला ०.१२८ लिटर. मोजलं तर ०.०९४ भरतं. PV/RT हे गुणोत्तर त्या बिंदूला सगळ्या वायूंना ०.३७५ यायला हवं, कार्बन डायऑक्साइडला येतं ०.२७ च्या जवळपास आणि पाण्याला ०.२३. ज्या रेणूंची ओढ सगळ्या दिशांना सारखी नाही, तिथे फरक जास्त.

क्रांतिक तापमानाच्या खाली गेलं की समीकरण आणखी एक विचित्र गोष्ट करतं. अँड्र्यूजच्या सपाट रेषेच्या जागी ते एक लाट काढतं, खाली उतरून पुन्हा वर चढणारी. लाटेच्या मधल्या भागात आकारमान वाढवलं की दाब वाढतो, जे कुठल्याच खऱ्या वस्तूला शक्य नाही. अशी लाट असावी असं जेम्स थॉमसनने (लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ) १८७१ मध्येच सुचवलं होतं, व्हान डर वाल्सच्या समीकरणातून ती आपोआप निघाली. पण सपाट रेषा नेमकी कुठे ओढायची? ते मॅक्सवेलने १८७५ मध्ये सांगितलं : रेषेच्या वरचं आणि खालचं क्षेत्रफळ सारखं येईल तिथे. हे करून २० अंशाला सिलिंडरमधला दाब काढला तर येतो सुमारे ६४ बार. आठवतंय ना, खरा आकडा ५७ आणि PV = nRT चा ३७०. लाटेच्या दोन्ही कडा मात्र अगदीच खोट्या नाहीत. स्वच्छ भांड्यात जपून तापवलेलं पाणी १०० अंशापलीकडे जाऊनही काही वेळ उकळत नाही, तेव्हा ते अशाच एका कडेवर असतं.

मॅक्सवेलचं या प्रबंधावरचं परीक्षण १८७४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं होतं. सगळी मांडणी त्याला पटली नव्हती, b च्या हिशेबावर त्याने बोट ठेवलं. पण या माणसाचं नाव लवकरच रेणूविज्ञानात पहिल्या रांगेत येईल असं त्याने म्हटलं, आणि या प्रबंधामुळे लोक डच भाषा शिकायला लागलेत असंही. लॅटिन येत नाही म्हणून ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच्यासाठी मोठमोठे लोक डच शिकत होते!

१८७७ मध्ये ॲमस्टरडॅमला नवीन विद्यापीठ झालं आणि व्हान डर वाल्स तिथे प्राध्यापक झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काइयेते फ्रान्समध्ये आणि पिक्ते जिनीव्हात, दोघांनी काही दिवसांच्या अंतराने ऑक्सिजनचं धुकं बघितलं. 'कायम वायू' ही जात तिथे संपली.

१८८० मध्ये त्याने शेवटचा मोठा डाव टाकला. प्रत्येक वायूचे दाब, आकारमान आणि तापमान त्याच्या त्याच्या क्रांतिक मूल्याच्या पटीत मोजले, तर समीकरणातून a आणि b दोन्ही गळून पडतात आणि सगळ्या वायूंना एकच आलेख लागू होतो. प्रोग्रामरच्या भाषेत, हार्डकोड केलेल्या किमती काढून सगळं पॅरामीटरवर नेलं. मग जो वायू अजून कुणी द्रव केलेला नाही, त्याच्या साध्या तापमानातल्या वागण्यावरून तो किती थंड करावा लागेल ते आधीच सांगता येतं. लायडनच्या कामरलिंग ओनेसने हेलियमबाबत हेच केलं. त्याने हेलियमचे दाब-आकारमानाचे आलेख मोजले, क्रांतिक तापमान ५ केल्व्हिनच्या आसपास असणार हे ताडलं, आणि तिथे पोचायला किती हायड्रोजन द्रव करावा लागेल याची तयारी केली. १० जुलै १९०८ ला हेलियम द्रव झाला. आज आपण क्रांतिक तापमान ५.२ केल्व्हिन मानतो. अंधारात चाचपडणं आणि नकाशा घेऊन जाणं यातला हा फरक. नाटररकडे तो नकाशा नव्हता.

मधली काही वर्षं व्हान डर वाल्स गप्प होता. १८८१ मध्ये त्याची पत्नी क्षयाने गेली, मागे चार लहान मुलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्याने काही प्रसिद्ध केलं नाही. चरित्रांमध्ये या दशकाला एखादं वाक्य मिळतं. १९१० मध्ये नोबेल, १९२३ मध्ये मृत्यू.

त्याच्या समीकरणाचं काय झालं? जसंच्या तसं ते आज कारखान्यात कुणी वापरत नाही. पण १९४९ मध्ये रेडलिश आणि क्वाँग यांनी, १९७२ मध्ये सोआव्हने, १९७६ मध्ये पेंग आणि रॉबिन्सन यांनी जी समीकरणं दिली, ज्यांवर तेल आणि वायूच्या प्रकल्पांचे हिशेब आजही चालतात, ती सगळी त्याचीच पोरं. आकाराच्या भागाला हात लावलेला नाही, V − b तसंच. आकर्षणाचा भाग बदललाय, मुख्य म्हणजे a ला तापमानाप्रमाणे बदलायला लावलंय. आणि हे आकर्षण येतं कुठून, हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. विद्युतभार नसलेल्या आणि दिशा नसलेल्या रेणूंमध्येही ते का असतं, याचं उत्तर १९३० मध्ये लंडन नावाच्या शास्त्रज्ञाने क्वांटम सिद्धांतातून दिलं.

हे सगळं वाचल्यावर घरातला गॅस आणि रिक्षातला गॅस वेगळे का, तेही सुटलं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची क्रांतिक तापमानं ९७ आणि १५२ अंश, म्हणून आपल्या तापमानाला नुसतं दाबून त्यांचा द्रव होतो, आणि सिलिंडर हलवला की आत डचमळतं. सीएनजी म्हणजे मिथेन, फॅरडेच्या हट्टी सहांपैकी एक. त्याचं क्रांतिक तापमान उणे ८३ अंश. रिक्षाच्या टाकीत २०० बार भरा, तो वायूच राहतो. पण आकर्षण तिथेही काम करतंच. आदर्श वायूच्या हिशेबापेक्षा त्या टाकीत सुमारे पाचवा हिस्सा जास्त गॅस मावतो, तो फुकटातला.

सोमवारी ते काका पुन्हा भेटले, दुसऱ्या मजल्यावर. त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं, काटा खोटं सांगेल. मग एक शंका विचारली : हाच सिलिंडर मे महिन्यात गच्चीवर ठेवला, चाळीस अंशात, तर आत द्रव राहणारच नाही, दाब शंभरावर जाईल, त्याचं काय? काका म्हणाले, "म्हणून तर साहेब उन्हात ठेवू नका म्हणून लिहिलंय." आणि सिलिंडर फिरवून त्यांनी मला मागचा मजकूर दाखवला. खाली सिलिंडरचं रिकामं वजनही कोरलेलं होतं.